पाण्यात उभी असलेली तूर तहानलेली का दिसते?

*प्रश्न: शेताच्या खालच्या अंगाला पाच आठवड्यांची तूर आहे आणि तिच्या पलीकडे भात. सलग पावसाने दोन्हीत चार दिवस पाणी राहिलं. भात हिरवागार आहे, पण तुरीने पाण्यात उभं राहून माना टाकल्या आणि खालची पानं पिवळी पडली. पाणी असताना रोप सुकतं कसं? अशा वेळी मुळांत हवेच्या नळ्या तयार होतात असं ऐकलं, मग तुरीला ते का जमत नाही? आणि यातली कोणती रोपं वाचतील हे कसं ओळखायचं?*

तुमच्या तुरीला पाण्याने मारलेलं नाही. ती गुदमरली आहे. पाणी मुळाला अपाय करत नाही, हे पोषकद्रव्यांच्या पाण्यात खालून हवेचे बुडबुडे सोडून वाढवलेल्या रोपांवरून सहज दिसतं. तिथे मुळं दिवसरात्र पाण्यात बुडालेली असतात आणि रोप मजेत वाढतं. शेतात साचलेल्या पाण्यात फक्त ते बुडबुडे नसतात.

मुळालाही श्वास घ्यावा लागतो. पानं दिवसा स्वतः ऑक्सिजन बनवतात, मुळाला तो मातीतल्या पोकळ्यांमधून मिळवावा लागतो. तो किती असतो आणि किती पुरतो याचा हिशेब एकदा कागदावर मांडला की पुढचं सगळं सोपं होतं. एक चौरस मीटर जमीन घ्या, ३० सेंमी खोल. ही झाली ३०० लिटर माती. भारी जमिनीत साधारण निम्मी जागा पोकळ्यांची, म्हणजे १५० लिटर. वापशावर असताना त्यातल्या समजा ४५ लिटर जागेत हवा आहे. हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन, तो झाला ९ लिटर, वजनात सुमारे १२ ग्रॅम. मुळं आणि जमिनीतले जिवाणू मिळून उबदार दिवसांत रोज ५ ते १० ग्रॅम ऑक्सिजन सहज वापरतात. पण तो वापरला जाईल तसा वरून नवा येत राहतो, म्हणून टंचाई जाणवत नाही.

आता त्याच १५० लिटर पोकळ्या पाण्याने भरा. उबदार पाण्यात एका लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. एकूण साठा १.२ ग्रॅम. रोजचा खर्च ५ ते १० ग्रॅम धरला, तर हा साठा तीन ते सहा तास पुरेल. मातीत काही बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो, पण दुसऱ्या दिवसापर्यंत मुळाभोवती फारसं काही उरत नाही. वरून नवा ऑक्सिजन येण्याची वाटही जवळजवळ बंद होते, कारण तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. म्हणून पाण्याचा थर एक वीत आहे की दोन बोटं, याने मुळाला फारसा फरक पडत नाही. वर पाणी अजिबात न दिसताही आतल्या पोकळ्या भरलेल्या असू शकतात. बरेच जण वरचं पाणी निघालं की संकट टळलं असं धरतात, तिथेच चूक होते.

### मुळात आत काय घडतं

श्वसन म्हणजे साखर ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळून ऊर्जा मिळवणं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला ऑक्सिजन असताना एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, ३० च्या आसपास रेणू मिळतात. ऑक्सिजन संपला की पेशी आंबवण्याच्या मार्गावर जाते, आणि तिथे त्याच ग्लुकोजपासून फक्त २ मिळतात. म्हणजे तेवढ्याच कामाला पंधरापट साखर लागणार. ती येते पानांकडून, आणि साखर खाली वाहून मुळाच्या पेशींत उतरवण्यालाही ऊर्जा लागते. त्यामुळे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. मुळात आधीची साखर किती साठलेली आहे, यावर रोप किती दिवस तग धरेल ते बरंचसं ठरतं. तुरीच्या आयसीपी ३०१ आणि पुसा २०७ या दोन वाणांची तुलना झालेली आहे. पहिला पाण्यात टिकतो, दुसरा लवकर बसतो. टिकणाऱ्या वाणाच्या मुळात साखरेचा साठा जास्त होता आणि ती साखर मोडून आंबवणीला पुरवणारी विकरंही जास्त सक्रिय होती.

आंबवणीत आधी लॅक्टिक आम्ल आणि मग अल्कोहोल तयार होतं. अल्कोहोल बरंचसं पाण्यात निघून जातं, त्याचा फार त्रास नाही. त्रास होतो तो पेशीच्या आतला द्रव आंबट होण्याचा. एरवी पेशी जास्तीचं आम्ल पंपाने बाहेर टाकते, पण तो पंप एटीपीवर चालतो, आणि एटीपीचीच तर चणचण आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच आंबटपणात आहे. मुळाच्या पेशींच्या पडद्यांवर पाणी आत घेणारी प्रथिनांची बारीक दारं असतात, त्यांना अॅक्वापोरिन म्हणतात. पेशीतला द्रव आंबट झाला की ही दारं मिटतात. मुळाभोवती हवं तेवढं पाणी आहे, पण आत यायची वाट बंद. वर पानांतून बाष्प जातच असतं. येणं कमी आणि जाणं चालू, म्हणून रोप मान टाकतं. वनस्पतीच्या दृष्टीने हा दुष्काळच आहे.

यामुळे एक फसगत होते, ती लक्षात ठेवा. पाऊस चालू आहे, आभाळ भरलेलं आहे, तोवर पानांतून बाष्प फार कमी जातं आणि तूर ठीक दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि दुपारी सगळं रान एकदम खाली बसतं. लोक म्हणतात, उन्हाने मारलं. ऊन फक्त हिशेब उघडा पाडतं. मुळं आधीच निकामी झालेली असतात.

खालची पानं पिवळी पडण्याचं कारण नत्र. तुरीला नत्र दोन वाटांनी मिळतं, मातीतल्या नायट्रेटमधून आणि मुळावरच्या गाठींमधून. ऑक्सिजन संपला की मातीतले काही जिवाणू त्याच्याऐवजी नायट्रेट वापरू लागतात आणि त्याचा वायू होऊन तो उडून जातो. गाठींची गोष्ट तर आणखी बिकट. हवेतल्या नत्राचा एक रेणू पकडायला गाठीतल्या जिवाणूला किमान १६ एटीपी खर्चावे लागतात. एवढी ऊर्जा ऑक्सिजनशिवाय मिळणं अशक्य, त्यामुळे पाणी साचलं की गाठी इतर कशाच्याही आधी काम थांबवतात. मग रोप जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतं. खालून वर चढत जाणारा पिवळेपणा म्हणजे हीच उचल.

### हवेची नळी, आणि ती न गळणं

आता भाताकडे येऊ. भाताचं चांगलं वाढलेलं मूळ धारदार पात्याने आडवं कापून भिंगाखाली धरा. ते बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं. मध्ये तुंबा, म्हणजे पाणी आणि साखर वाहणाऱ्या नळ्यांचा गाभा. बाहेर धाव, म्हणजे सालीचे घट्ट थर. मधल्या भागात आऱ्यांसारख्या बारीक भिंती आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. या मोकळ्या जागांच्या ऊतीला एरेन्कायमा म्हणतात. त्या जागा मुळाच्या लांबीने वर खोडापर्यंत आणि पुढे पानांपर्यंत जोडलेल्या असतात. पाण्याबाहेरच्या पानातून शिरलेली हवा या वाटेने थेट मुळाकडे उतरते, मातीची गरजच राहत नाही.

या पोकळ्या कशा होतात? तिथल्या पेशी ठरवून मरतात. मूळ कोवळं असताना तिथे जिवंत पेशी असतात, मग त्यांतल्या काही क्रमाने विरघळतात आणि जागा रिकामी होते. याचा दुहेरी फायदा आहे. हवेला वाट मिळते, आणि श्वास घेणाऱ्या पेशीच कमी झाल्यामुळे त्या मुळाचा ऑक्सिजनचा खर्चही घटतो.

पेशींना मरण्याचा निरोप इथिलीन हा वायू देतो. मूळ थोडं इथिलीन नेहमीच बनवत असतं, एरवी ते मातीतल्या हवेत निघून जातं. भोवती पाणी असलं की त्यालाही बाहेर पडता येत नाही आणि ते मुळातच साचतं. पाणी साचल्याची खबर मुळाला अशी मिळते. मका हे एरवी कोरडवाहू पीक, पण त्याच्या मुळातही इथिलीन साचल्यावर अशा पोकळ्या तयार होतात. भाताचा फरक असा की तो खबरीची वाट पाहत नाही. कोरड्या जमिनीत वाढवलं तरी भाताच्या मुळात काही पोकळ्या आधीपासूनच असतात, पाणी आलं की त्या आणखी वाढतात.

इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी ऑक्सिजनशिवाय पूर्ण होत नाही, आणि हा मुद्दा मला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो. ऑक्सिजन कमी असेल तर मूळ इथिलीन बनवतं आणि पोकळ्यांचं काम सुरू होतं. तो पूर्ण संपला तर निरोप देणारा वायूच बनत नाही आणि बांधकामाला ऊर्जाही उरत नाही. म्हणजे नळी बांधायला जो अवधी असतो तो टंचाई सुरू झाल्यापासून पूर्ण तुटवडा येईपर्यंतचा. वर मांडलेल्या हिशेबाने उबदार भारी जमिनीत हा अवधी काही तासांचा, फार तर दिवसाभराचा. ज्याची नळी आधीपासून तयार आहे त्याला या घाईशी देणंघेणं नाही. (मुळात अर्धवट राहिलेला इथिलीनचा कच्चा माल पाण्याबरोबर वर पानांत जातो, तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो आणि इथिलीन तिथे तयार होतं. त्याने पानांचे देठ खाली झुकतात. टोमॅटोत हे अगदी ठळक दिसतं.)

बहुतेक जण एरेन्कायमापर्यंत येऊन थांबतात, पण नुसत्या नळीने भागत नाही. भोवतालची माती ऑक्सिजनसाठी वखवखलेली असते. नळी साधी असेल तर ठिबकच्या नळीसारखी वाटेतच गळत जाईल आणि टोकापर्यंत काही पोचणार नाही. टोकालाच तर सर्वात जास्त गरज, कारण वाढ तिथे होते. यावर भाताने केलेला उपाय म्हणजे सालीच्या बाहेरच्या थरांत सुबेरिनसारख्या मेणचट द्रव्यांचा लेप. मुळाच्या वरच्या भागात हा लेप घट्ट असतो आणि टोकाजवळ तो नसतो. म्हणून हवा वाटेत न गळता टोकाला पोचते आणि तिथे थोडी बाहेरही झिरपते. हा लेप साचलेल्या पाण्यातच नीट तयार होतो. कोरड्या जमिनीतल्या भाताच्या मुळात तो घट्ट नसतो.

टोकाशी झिरपणाऱ्या ऑक्सिजनचा एक डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. पाण्याखालच्या मातीत ऑक्सिजन संपल्यावर लोखंड विरघळलेल्या रूपात येतं आणि ते मुळांना विषारी ठरू शकतं. भाताच्या मुळाजवळ त्याला ऑक्सिजन भेटतो आणि त्याचा गंज होऊन तो मुळावर बसतो. खाचरातून भाताचा चुडा उपटून धुतला की जुनी मुळं तांबूस-तपकिरी आणि नवी टोकं पांढरी दिसतात, ती यामुळे. तो रंग रोगाचा नाही, मूळ श्वास घेत असल्याची खूण आहे. मुळं काळी पडून सडक्या अंड्याचा वास आला, तर मात्र भाताचंही बिनसलं आहे असं समजावं.

भात अजिंक्य आहे असं मात्र नाही. त्याची सगळी व्यवस्था पानं पाण्याबाहेर असण्यावर उभी आहे. शेंड्यासकट बुडाला तर नेहमीचा भात पाण्यावर येण्यासाठी उंच वाढायला धडपडतो, साठा संपवतो आणि काही दिवसांत मरतो. ओडिशातल्या एफआर १३ ए या जुन्या वाणात बुडाल्यावर वाढ थांबवून साखर राखून ठेवण्याचा गुण आहे. त्यामागचं सब१ए हे जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं आणि ते स्वर्णा या वाणात आणून स्वर्णा-सब१ तयार झाला, तो दोन आठवड्यांच्या आसपास पूर्ण बुडूनही सावरू शकतो. तुमच्या भाताची पानं बाहेर होती, म्हणून त्याला यातलं काहीच लागलं नाही.

### तुरीकडे काय नाही

तुरीचं मूळ असंच आडवं कापलं तर चाक दिसत नाही. भरीव लाकडाचं चकतं दिसतं. तुरीची सगळी रचना खोल जाऊन कोरड्या दिवसांत पाणी शोधण्यासाठी आहे. सोटमूळ जाड होत जातं, त्यात लाकूड भरतं, आणि पेशींमधल्या हवेच्या फटी फार थोड्या राहतात. न गळणारा तो बाहेरचा लेपही तिच्याकडे नाही. त्यामुळे वरून थोडी हवा उतरली तरी ती पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये संपते.

दुसरी अडचण मुळांच्या मांडणीची. भात खोडाच्या पेऱ्यांवरून सतत नवी मुळं सोडत राहतो. जुनं मूळ गेलं तरी पोकळ्या घेऊनच जन्मलेलं नवं मूळ त्याची जागा घेतं. तूर एका सोटमुळावर आणि त्याच्या फांद्यांवर उभी असते. सोटमूळ जिथे मेलं, तिथून खालचा सगळा पसारा गेला. खोडाच्या तळाशी, जमिनीच्या पृष्ठभागाजवळ नवी मुळं फोडणं तिला येतं, पण उशिरा आणि ऊर्जा शिल्लक असेल तरच. पाण्यात टिकणाऱ्या वाणांत नेमकं हेच दिसतं. तळाच्या खोडावरची वल्करंध्रं, म्हणजे सालीतली हवेची बारीक छिद्रं, फुगतात, साल पांढरी आणि स्पंजासारखी होते, तिच्यावर बारीक मुळं फुटतात. आयसीपीएल ८४०२३ हा अशा टिकाऊ वाणांपैकी एक आहे. म्हणजे तुरीला हवेची नळी अजिबात जमत नाही असं नाही. ती संकट आल्यावर बांधायला घेते, आणि भाताकडे ती आधीच असते.

तिसरी अडचण वयाची. पहिला महिना-दीड महिना तुरीची वाढ फार सावकाश असते. पानं थोडी, त्यामुळे मुळातला साखरेचा साठाही थोडा. पावसाचा जोर नेमका याच काळात असतो. तेच पाणी तीन महिन्यांच्या तुरीला आलं असतं तर ती पिवळी पडली असती, पण बहुतेक उभी राहिली असती. उशिरा पिकणारे वाण पाण्याच्या फटक्यातून जास्त चांगले सावरतात, ते मुख्यतः पुढे भरून काढायला वेळ मिळतो म्हणून. लवकर येणाऱ्या वाणाला ती सवड नाही.

### कोणती रोपं वाचतील

तुमच्यासारख्याच एका रानात मी काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या रानात तसंच तपासता येईल. भारी काळी जमीन, तूर ३५ दिवसांची, खालच्या कोपऱ्यात चार दिवस पाणी. पाचव्या दिवशी सकाळी चर काढून वरचं पाणी काढलं. त्या दिवशी कुणीही काही फवारायचं किंवा टाकायचं नाही, असं आधी ठरवून घेतलं. अशा वेळी हात स्वस्थ बसत नाहीत, आणि तिथेच पैसे वाया जातात.

उतारावर तीन जागा निवडल्या: वरचा कोरडा भाग, मधला पट्टा आणि खालचा कोपरा. आधी पहाटे ऊन येण्यापूर्वी पाहिलं, मग दुपारी दोनला. मधल्या पट्ट्यातली रोपं दुपारी मान टाकायची, पण पहाटे परत ताठ असायची. म्हणजे रात्रभरात मुळं तूट भरून काढत होती, थोडी का होईना जिवंत होती. कोपऱ्यातली बरीचशी रोपं पहाटेही लोंबलेलीच होती. ही एकच तपासणी करायला वेळ असेल तर पहाटेची करा. दुपारी सगळीच सारखी दिसतात.

मग प्रत्येक जागेतून काही रोपं फावड्याने ढेकळासकट काढली. उपटली नाहीत, कारण उपटताना कुजकी मुळं मातीतच तुटून राहतात आणि उरलेलं मूळ उगाच बरं दिसतं. बादलीत हळूच धुतली. मधल्या पट्ट्यात सोटमुळाचं टोक तपकिरी आणि मऊ झालं होतं, पण वरचं बोटभर मूळ नखाने खरवडल्यावर आत पांढरं आणि टणक होतं. कोपऱ्यातल्या रोपांत बारीक मुळं चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत दोरा राहायचा. ते मूळ मेलेलं. गाठी नखाने फोडून पाहिल्या. रानाच्या वरच्या कोरड्या भागात आतून गुलाबी, म्हणजे कामावर. मधल्या पट्ट्यात हिरवट-तपकिरी. त्या गाठी परत गुलाबी होत नाहीत. नत्र पुन्हा सुरू होतं ते नव्या मुळांवर नव्या गाठी आल्यावर, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

पाणी काढल्यानंतर साधारण आठवड्याने परत गेलो. मधल्या पट्ट्यात बहुतेक रोपांना मातीच्या पृष्ठभागाच्या आसपास नवी पांढरी मुळं फुटलेली होती. शेंडा हिरवा आणि अशी मुळं आलेली असतील तर रोप जगलं असं समजायला हरकत नाही. कोपऱ्यात अशी रोपं अगदीच तुरळक होती, ती जागा आम्ही सोडून दिली. मधल्या पट्ट्यातही पहिल्या दोन-तीन दिवसांत काही रोपं आणखी खालावली होती, तिथे घाबरायचं नसतं. बराच वेळ ऑक्सिजनशिवाय राहिलेल्या पेशीला तो एकदम मिळाला की आत घातक प्राणवायू-कण तयार होतात आणि थोडं नुकसान पाणी निघाल्यावरच होतं.

नत्राच्या बाबतीत घाई करू नये. ओल्या जमिनीत युरिया टाकला तर घ्यायला मुळं नाहीत, आणि त्याचं नायट्रेट झालं की तेही वायू होऊन जाणार. पहाटे पानं ताठ दिसू लागल्यावर २ टक्के युरियाची फवारणी द्यावी, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम, ढगाळ वेळी किंवा संध्याकाळी. पानांतून गेलेलं नत्र नव्या गाठी येईपर्यंतची तूट काही अंशी भरून काढतं. मान टाकलेल्या पानावर फवारलं तर पान करपण्यापलीकडे काही होत नाही. वापसा येताच हलकी कोळपणी करा. भारी माती पाण्याने फुगून भेगा मिटवते आणि वर पापडी धरते. ती फोडली की हवा आत जाते. वापशाआधी रानात पाय घातला तर माती दबून उलटं होईल.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. पाण्यानंतर मेलेली प्रत्येक तूर गुदमरूनच मेलेली नसते. फायटोफ्थोरा करपा साचलेल्या पाण्यातच पसरतो, त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यात जमिनीलगत खोडावर तपकिरी, आत दबलेला चट्टा पडतो, तो खोडाला वेढा घालतो आणि रोप तिथे मोडतं. फ्युजॅरियमची मर असेल तर खोड उभं चिरल्यावर सालीखाली काळ्या-तपकिरी रेघा दिसतात. नुसत्या गुदमरलेल्या रोपाच्या खोडात रेघा नसतात आणि चट्टाही नसतो, बिघाड खालून, मुळाच्या टोकापासून सुरू होतो. शिवाय गुदमरलेली रोपं रानाच्या उताराप्रमाणे पसरलेली दिसतात. मर ठिपक्याठिपक्यांनी, चांगल्या निचऱ्याच्या जागीही येते. मरीच्या औषधावर खर्च करण्याआधी पाच-सहा खोडं चिरून बघा.

पुढच्या हंगामासाठी त्या कोपऱ्यात रुंद वरंबा-सरी करून तूर वरंब्यावर घ्या. वरंब्याची उंची १५ सेंमी असली तरी मुळाचा तेवढा वरचा भाग पाण्याच्या पातळीच्या वर राहतो, आणि नवी मुळं नेमकी तिथेच फुटतात. सरीला बाहेर पडायची वाट मात्र हवी, नाहीतर सरी म्हणजे लांबट डबकं होतं. त्या जागी निचरा खरंच कितपत होतो हे पाहायचं असेल तर पॉलिश केलेली साध्या लोखंडाची हातभर सळई पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत उभी ठोका आणि चार-पाच आठवड्यांनी उपसा. जिथपर्यंत हवा पोचली तिथपर्यंत तांबडा गंज चढलेला असेल, त्याखाली सळई काळपट किंवा तशीच राहिलेली दिसेल. गंज पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंतही उतरला नसेल, तर तिथे तूर घेऊच नका, भाताचा बांध तेवढा अलीकडे सरकवा.